2016 चा 45 एचपी ट्रॅक्टर, मीटरवर 4,800 तास: किंमत कशी काढायची

प्रश्न: वडिलांचा 2016 चा 45 एचपी ट्रॅक्टर (नुसतं हेड) विकायचाय. मीटर 4,800 तास. घरची शेती 14 एकर, बाकी भाड्याने चालवला. दोन वर्षांपूर्वी इंजिनचं काम केलं, 92,000 खर्च आला. एजंट 2.70 रोख म्हणतो. भावकीतले एकजण 3.25 देतो म्हणतात, 1.25 आत्ता आणि बाकी वर्षभरात दोन हप्त्यांत. वडील म्हणतात इंजिनचा खर्च धरून 3.75 च्या खाली सोडायचा नाही. खरी किंमत किती? (मोहोळ तालुका)

उत्तर:

टेंभुर्णीत माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय, आणि फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांची किंमत काढायलाही मला बोलावतात. तुमच्या मजकुरात किमतीपेक्षा दुसरीच एक गोष्ट मला आधी दिसली. आज मीटर 4,800 आहे आणि इंजिनचं काम दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे त्या वेळी मीटर चार हजारांच्या आसपास असणार. शेतात नीट वापरलेलं या ताकदीचं इंजिन साधारण सहा ते आठ हजार तासांपर्यंत खोलावं लागत नाही. मग तुमचं चार हजारांत का खोललं? जाणकार गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारणार. त्याचं उत्तर तुमच्याकडे कागदानिशी असेल तर एक किंमत, नसेल तर दुसरी. दोन्हींत पन्नास-साठ हजारांचा फरक सहज पडतो.

लवकर इंजिन खोलण्याची कारणं मला आजवर तीनच सापडली आहेत.

पहिलं म्हणजे मीटर खोटं बोलतंय. फसवणूकच असते असं नाही. त्या काळातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर केबलवर चालणारं मीटर आहे. केबल तुटली की काटा थांबतो, आणि काम अडत नाही म्हणून वर्षभर कुणी ती बदलत नाही. शिवाय हे मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनचे फेरे मोजतं. इंजिन पूर्ण ठरलेल्या स्पीडला चाललं तरच एक तास हा मीटरचा एक तास. इंजिन 800 फेऱ्यांवर नुसतं घुरघुरत ठेवलं तर तासाभरात मीटर जेमतेम पंचवीस मिनिटं पुढे जातं. त्यामुळे रोटाव्हेटरवर चाललेल्या गाडीचं मीटर बरंच खरं असतं, तर मळणीयंत्रावर किंवा पाण्याच्या टँकरवर मंद चाललेल्या गाडीचं मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं.

दुसरं कारण धूळ. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात कोरडी रोटरली की ट्रॅक्टर दिसेनासा होतो. एअर क्लीनरमधलं ऑईल वेळेवर बदललं नाही, किंवा क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होजची क्लिप ढिली राहिली, तर ती धूळ सरळ लायनर-रिंगवर जाते. मग तीन-साडेतीन हजार तासांतच इंजिन ऑईल खायला लागतं.

तिसरं कारण तापणं. होज फुटला, पाणी गेलं, आणि ड्रायव्हरने तशीच गाडी घरापर्यंत आणली. हे सगळ्यांत वाईट. लायनर-पिस्टन नवे टाकले तरी इंजिनचं हेड आणि ब्लॉक एकदा जास्त तापलेले असतात, आणि ते दुखणं वर्ष-दोन वर्षांनी परत डोकं वर काढतं.

तेव्हा आधी वडिलांना आणि फिटरला विचारा की इंजिन नेमकं कशामुळे खोललं. बिलं शोधा. 92,000 चं बिल असेल तर त्यात लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि पंपाचं काम दिसायला पाहिजे. क्रँक घासली असेल तर कितव्या साईजवर गेली तेही विचारा. पहिल्या साईजवर असेल तर पुढच्या वेळी परत घासता येते. शेवटच्या साईजवर असेल तर पुढच्या वेळी क्रँकच नवी लागते, आणि घेणारा फिटरला सोबत घेऊन आला तर त्याला हे विचारायला सुचणारच.

तासांचा हिशोब तुम्ही घरीच पडताळून बघा. घरच्या 14 एकराला नांगरट, रोटर, पेरणी धरून वर्षाला सव्वाशे तासांच्या आत-बाहेर लागतात. 2016 पासून 4,800 तास म्हणजे वर्षाला पाचशेच्या आसपास, म्हणजे भाड्याचे पावणेचारशे तास. वडिलांना विचारा, हंगामात भाड्याने किती दिवस जायचा? वर्षाला पन्नास-साठ दिवस असेल तर मीटर बरोबर आहे. शंभर-सव्वाशे दिवस जात असेल तर खरे तास आठ-नऊ हजारांकडे गेले, आणि मग इंजिन वेळेवरच खोललं. एका अर्थी ही तुमच्यासाठी बरी बातमी ठरेल. खरे तास जास्त निघाले तर गिअरबॉक्स आणि मागच्या भागाची झीज धरावी लागेल, पण इंजिन तापलं असेल ही शंका निघून जाते.

मी स्वतः गाडी बघायला गेलो की मीटरकडे शेवटी बघतो. आधी ट्रॉलीची पिन जिथे बसते ते भोक बघतो. नव्या गाडीत ते गोल असतं. ऊस वाहिलेल्या गाडीत ते पुढे-मागे ओढून अंड्यासारखं झालेलं असतं, पिन घालून हलवली की खडखडते. मग मागचा पीटीओचा शाफ्ट. त्याचे दाते बोटाने चाचपायचे. कडा धारदार लागल्या तर गाडीने रोटर फार ओढलेला नाही, एका बाजूने गुळगुळीत झिजल्या असतील तर भरपूर ओढलाय. क्लच आणि ब्रेकच्या पायट्याचं रबर घासून लोखंड चकाकतंय आणि मीटर मात्र दोन हजार दाखवतंय, हे दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही. एअर क्लीनरचा तो होज काढून आत बोट फिरवतो. बोटाला माती लागली तर इंजिनने आजवर काय खाल्लं हे कळतं, नवं काम केलेलं असलं तरी.

मागच्या वर्षी माढा तालुक्यात एका घरी सकाळी सातला पोचलो. गाडी अंगणात बंद उभी. इंजिनच्या बाजूला हात लावला तर कोमट. मालक म्हणाले, "रात्री उशिरा बांधावरनं आणली." रात्रीची गाडी थंडीच्या दिवसांत सकाळी सातला कोमट राहत नाही. मी चहा घेतला, दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणालो आणि खरंच परत गेलो. त्या दिवशी गाडीने चार-पाच सेल खाल्ले आणि चालू झाल्यावर दोन मिनिटं निळा धूर काढला. आदल्या दिवशी आम्हाला तो दिसू नये म्हणून ती तापवून ठेवलेली होती. तुम्ही विकणारे आहात, तुमच्या बाजूने सांगतो: असं करू नका. गाडी थंड ठेवा आणि गिऱ्हाइकालाच चावी द्या. थंड गाडी पहिल्या सेलला उठली आणि ऑईल भरायचं झाकण काढल्यावर तिथून धूर-वाफ जोरात येत नसेल, तर तुमच्या 92,000 च्या कामाचा त्याहून मोठा पुरावा नाही.

आता आकड्यांकडे. पुस्तकी पद्धतीत ट्रॅक्टरचं आयुष्य 10 वर्षं किंवा 10,000 तास धरतात आणि शेवटी मूळ किमतीच्या 10 टक्के उरतात. त्या हिशोबाने तुमचा ट्रॅक्टर जवळपास भंगारात जातो. बाजार तसा चालत नाही, कारण नीट ठेवलेली गाडी पंधरा-वीस वर्षं चालते. मी तुमच्या जुन्या बिलाची किंमत धरतच नाही. त्याच ताकदीचा, त्याच कंपनीचा नवा ट्रॅक्टर आज कितीला बसतो, तिथून सुरुवात करतो. घेणाऱ्याच्या डोक्यात तोच दुसरा पर्याय असतो.

इथे एक बदल लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जो ट्रॅक्टर 7.20 ला होता तो त्या हिशोबाने 6.75 च्या आसपास आला. नवा पंचेचाळीस हजारांनी उतरला की दहा वर्षांचा जुनाही वीसेक हजारांनी उतरतो. तुमच्या वडिलांच्या कानावर गावातला जो भाव आहे तो कदाचित या आधीचा असेल.

माझ्या अनुभवात आपल्या भागात बऱ्या अवस्थेतला दहा वर्षांच्या आसपासचा 45 एचपी ट्रॅक्टर आजच्या नव्या किमतीच्या 42 ते 48 टक्क्यांत जातो. 'बरी अवस्था' याचा माझा अर्थ असा: थंडीत नीट उठतो, येत्या हंगामात काही खोलावं लागणार नाही, टायर निम्मे शिल्लक आहेत, आणि कागद स्वच्छ आहेत. यातलं जे कमी असेल ते वजा करायचं, आणि तेही फक्त फरकाइतकं.

गेल्या ऑक्टोबरमधलं एक उदाहरण पूर्ण सांगतो. कुर्डुवाडीकडचा, तुमच्याच वयाचा, 45 एचपी, मीटर 3,900. नव्याचं कोटेशन 6.80 होतं. त्याचे 45 टक्के म्हणजे 3.06. मग गाडी बघितली. मागचे टायर पार गुळगुळीत. नवी जोडी टायरवाल्याने 44,000 सांगितली. मी सगळे 44,000 नाही कापले, कारण 3.06 मध्ये निम्मे टायर आधीच धरलेले आहेत. 22,000 कापले. क्लच चढाला सरकत होता. गाडी मधून तोडून क्लचसेट आणि मजुरी 18,000, हे पूर्ण कापले, कारण सरकणारा क्लच निम्मा राहिलेला नसतो, तो संपलेला असतो. मग नांगर उचलून इंजिन बंद केलं. लिफ्ट पाच मिनिटांत जमिनीला टेकली. रिंगा-सील आणि मजुरीचे 6,000. एकूण 46,000 गेले आणि राहिले 2.60.

त्या मालकानेही इंजिन केलेलं होतं, बिल 80,000 च्या वर. तेही मिळवा, असा त्यांचा आग्रह. मी मिळवले नाहीत. इंजिन चांगलं आहे हे धरूनच आपण 45 टक्के म्हणालो. इंजिन खराब असतं तर त्यातून सत्तर-ऐंशी हजार वजा झाले असते, ते वाचले. त्यांच्या खर्चाचा मोबदला तोच. तुमच्या वडिलांना हेच समजावून सांगावं लागेल, आणि ते अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण तो पैसा त्यांनी खिशातून मोजून दिलेला असतो. पण घेणाऱ्याला इंजिन चालू पाहिजे. ते मूळचं की नवं केलेलं, यासाठी तो वेगळे पैसे मोजत नाही. बिलं असतील तर तो 45 च्या जागी 47 टक्क्यांवर येतो, एवढाच फायदा. ती गाडी शेवटी 2.65 ला एका शेतकऱ्याकडे गेली.

टायर मात्र विकण्याआधी नवे टाकू नका. तुम्ही 44,000 घालाल आणि गिऱ्हाईक त्याचे पंचवीस देईल. क्लचचं वेगळं आहे. सरकता क्लच असेल तर घेणाऱ्याला आतल्या आणखी दहा गोष्टींची शंका येते, आणि अठरा हजारांच्या कामासाठी तो तीस-पस्तीस कापून मागतो. ते काम करून घेतलेलं परवडतं. रंग देऊ नका. नवा रंग दिसला की मी पहिल्यांदा क्लच हाऊसिंगच्या जोडावर वेल्डिंग शोधतो. उसाला चाललेल्या गाड्यांत तिथे तडा जातो आणि तो रंगाखाली झाकतात.

आता मागणी. सोलापूर जिल्ह्यात सगळ्या ट्रॅक्टरांचा बाजार एकाच वेळी वर-खाली होत नाही. 50 एचपीच्या वरच्या गाड्या उसाच्या मागे असतात. गाळप सुरू होण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांना भाव. मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले की उचल देऊन फसलेले वाहतूकदार गाड्या काढतात आणि भाव पडतो. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्ष पट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरांना बारमाही गिऱ्हाईक आहे. तुमचा 45 एचपी मधला, म्हणजे स्वतःच्या शेतीसाठी घेणाऱ्याचा. त्याला जोर येतो मे अखेर ते मृगापर्यंत, आणि परत ज्वारीच्या पेरणीआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात. आपल्याकडे हा दुसरा हंगाम जास्त खरा. उजनी भरली की त्याच आठवड्यात माझ्याकडे जुन्या गाड्यांची चौकशी वाढते, आणि पाऊस लांबला तर ऑगस्टातही कुणी विचारत नाही. गुढीपाडव्याच्या आधी-नंतरचे आठवडे टाळा. त्या मुहूर्तावर लोक नवे ट्रॅक्टर काढतात, एक्स्चेंजमध्ये जुने देतात आणि एजंटांची आवारं भरून जातात. तिथे तुमची गाडी विसातली एक होते.

एवढं धरून तुमच्या गाडीकडे येऊ. तुमच्या मॉडेलचं कोटेशन मोहोळ किंवा सोलापूरच्या शोरूममधून घ्या. ते 6.75 धरलं आणि इंजिनचं उत्तर समाधानकारक निघालं, टायर-क्लच-लिफ्ट बरे असले, तर 45 टक्क्यांनी 3.04. बिलांमुळे थोडं वर, 3.15 पर्यंत ओढता येईल. इंजिन तापून खोललं असेल, किंवा बिलंच नसतील, तर मी स्वतः 2.60 च्या पुढे जाणार नाही. 3.75 या गाडीला कुठल्याच हिशोबाने बसत नाही.

एजंटचे 2.70 म्हणजे लूट नव्हे. तो सर्व्हिसिंग करणार, बॅटरी टाकणार, हंगामापर्यंत गाडी आवारात ठेवणार आणि तीन-सव्वातीनला विकणार. पैशांची आज निकड असेल तर त्याला 2.80 पर्यंत ताणून देऊन टाका. निकड नसेल तर मे अखेरपर्यंत थांबा. मात्र थांबलात तर गाडी पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवा, नाहीतर बॅटरी आणि पंप दोन्ही रुसतात.

भावकीतल्या 3.25 कडे नीट बघा. 1.25 आत्ता, एक लाख सहा महिन्यांनी, एक लाख वर्षाने. वर्षाला 11 टक्के व्याज धरलं तर आजच्या पैशांत ते साधारण 3.10 होतात. म्हणजे हप्ते वेळेवर आले तरी तुमच्या रास्त किमतीच्या आसपासच, आणि एजंटपेक्षा चाळीस हजार जास्त. माणूस भरवशाचा असेल तर हा सौदा मला पटतो. अडचण पैशापेक्षा कागदाची आहे. भावकीत "हप्ते संपल्यावर नाव करू" असं म्हणतात आणि वर्षभर गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर, पण चालवणारा दुसरा. मोटार वाहन कायद्यात नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून वसूल होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. आमच्या ओळखीतल्या एका घराने तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीसाठी अजून कोर्टाच्या तारखा केल्यात.

म्हणून नाव आत्ताच करून द्या. वडिलांनी फॉर्म 29 आणि घेणाऱ्याने फॉर्म 30, तुमच्या गाडीची नोंद जिथे असेल तिथे, एमएच 13 असेल तर सोलापूरला आणि एमएच 45 असेल तर अकलूजला. विकल्यापासून 14 दिवसांत तुमच्या बाजूने कळवायचं असतं. उरलेल्या दोन लाखांसाठी त्यांच्याकडून तारखा घातलेले चेक आणि स्टॅम्पपेपरवर करार घ्या. त्याआधी आरसी काढून एक गोष्ट बघा: 2016 मध्ये कर्जावर घेतला असेल तर बँकेचं नाव अजून त्यावर आहे का. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. तो बोजा दिसला की एजंट दहा-पंधरा हजार फुकटचे कापतो, आणि बँकेच्या एका चकरेत ते वाचतात. अनुदानातून घेतला असेल तर मंजुरीपत्रात विक्रीबद्दलची अट वाचूनच विसार घ्या.

इंजिन का खोललं ते फिटरला विचारून इथे लिहा, आणि जमलं तर पीटीओ शाफ्ट आणि पिनच्या भोकाचा जवळून फोटो टाका. मग मला आकडा आणखी नेमका सांगता येईल.